शेतातील सौर कॅमेरा : पॅनेल, बॅटरी आणि डेटाचे गणित जुलै-ऑगस्टवर बसवा

आंबिया बहराचे डाळिंब साधारण जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत काढणीला येते. फळाला रंग चढतो, व्यापारी बाग पाहून जातात आणि नेमक्या याच दिवसांत रात्रीची राखण लागते. आभाळही याच दिवसांत सर्वांत जास्त झाकलेले असते. शेतात सौर कॅमेरा बसवलेल्यांची नेहमीची तक्रार अशी असते : "मे महिन्यात कॅमेरा मस्त चालला, जुलैत मात्र पहाटे बंद पडायला लागला." बहुतेक वेळा कॅमेऱ्यात काही बिघाड नसतो. संच मे महिन्याच्या उन्हावर पुरा पडणारा असतो आणि काम मात्र जुलैत करायचे असते.

या लेखात एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. बागलाण भागातील तीन एकर डाळिंब बाग, घरापासून सुमारे ७०० मीटर दूर. विहिरीवर शेतीपंपाची जोडणी आहे, पण वीज आठ तासच येते, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. घरचे वाय-फाय तिथे पोहोचत नाही. म्हणून कॅमेऱ्याला स्वतःची वीज आणि स्वतःचे सिमकार्ड हवे.

आधी कॅमेऱ्याचा प्रकार ठरवा

बाजारात दोन प्रकारचे सौर कॅमेरे मिळतात आणि दोघांचे गणित पूर्ण वेगळे आहे. पहिला प्रकार झोपून राहणारा. याच्या आत छोटी लिथियम बॅटरी असते आणि सोबत पाच-दहा वॅटचे पॅनेल येते. समोरून माणूस किंवा जनावर गेले की अंगाची उष्णता ओळखून तो जागा होतो, दहा-वीस सेकंदांचे चित्रण करतो आणि पुन्हा झोपतो. वीज आणि डेटा दोन्ही कमी लागतात. पण त्याची उष्णता ओळखण्याची नजर आठ-दहा मीटरच्या पुढे फारशी भरवशाची नसते. उन्हाळ्यात तापमान माणसाच्या अंगाइतके झाले की भर दुपारी समोरून गेलेला माणूसही त्याच्या लक्षात येत नाही. फाटक, पंपाचा स्टार्टर किंवा खताची खोली, म्हणजे जिथे माणूस कॅमेऱ्याच्या जवळूनच जाणार आहे, तिथे हा प्रकार चांगला.

दुसरा प्रकार चोवीस तास जागा राहणारा आणि फिरणारा कॅमेरा. तीन एकरांची बाग पाहायची, बांधावरून कोण आत आले हे मागे जाऊन तपासायचे, तर हाच लागतो. पुढचे सगळे गणित याच प्रकाराचे आहे.

हे गणित विहिरीसारखे समजून घ्या. कॅमेरा हा रोजचा उपसा, पॅनेल हा झरा आणि बॅटरी ही विहीर. झरा बारीक असेल तर विहीर कितीही मोठी खणली तरी ती भरत नाही.

उपसा : कॅमेऱ्याला दिवसाला किती वीज लागते

कॅमेऱ्याच्या खोक्यावर '१२ व्होल्ट, २ अँपिअर' असे लिहिलेले असते. अनेकजण १२ गुणिले २ म्हणजे २४ वॅट धरतात. ही अडॅप्टरची क्षमता आहे, कॅमेऱ्याचा प्रत्यक्ष वापर नाही. प्रत्यक्ष वापर मोजण्यासाठी बारा व्होल्टच्या वायरमध्ये बसवायचा छोटा डीसी वॅटमीटर मिळतो. तो बॅटरी आणि कॅमेरा यांच्या मध्ये जोडून पूर्ण चोवीस तास ठेवा. दिवसाचा एकूण आकडा तो वॅट-तासांत दाखवतो. पुढचा सगळा हिशोब या एका आकड्यावर उभा असल्याने तो अंदाजाने घेऊ नका.

आपल्या उदाहरणातील कॅमेरा दिवसा सरासरी ४ वॅट घेतो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि वापर ७ वॅटवर जातो. बारा तास दिवस व बारा तास रात्र धरली तर ४८ अधिक ८४ म्हणजे १३२ वॅट-तास होतात. चार्ज कंट्रोलर स्वतः थोडी वीज घेतो ती मिळवून १४० वॅट-तास धरू.

खर्चाचा मोठा भाग रात्रीचा आहे, म्हणून बचतही तिथेच होते. रात्री रंगीत चित्र दिसावे म्हणून कॅमेऱ्यात पांढरे दिवे असतात. ते रात्रभर सुरू ठेवले तर पाच ते दहा वॅटची भर सहज पडते. ॲपमध्ये पांढरा दिवा फक्त माणूस दिसल्यावर लागेल असे ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे हालचालीमागे आपोआप फिरण्याची सोय. वाऱ्याने फांद्या हलल्या की कॅमेरा रात्रभर मान फिरवत राहतो आणि मोटर वीज घेत राहते. ती सोय बंद ठेवा किंवा फक्त माणसापुरती ठेवा.

झरा : पॅनेल किती वॅटचे

पॅनेलवर लिहिलेले वॅट प्रखर उन्हात, पॅनेल थंड असताना मिळणारे असतात. दिवसभराचे ऊन अशा प्रखर उन्हाच्या किती तासांइतके भरते, हे मोजमाप इथे उपयोगी पडते. महाराष्ट्राच्या पठारी भागात मे महिन्यात असे सहा तास मिळतात, तर जुलै-ऑगस्टची सरासरी साडेतीन-चार तासांवर येते. ही सरासरी आहे. सलग झड लागली की एखाद्या दिवशी जेमतेम एक तास मिळतो. म्हणून नाशिक, नगर, सोलापूर, मराठवाडा या भागांसाठी मी तीन तास धरतो. घाटमाथा आणि कोकणासाठी दोनच धरावेत.

मिळालेली सगळी वीज कॅमेऱ्यापर्यंत येत नाही. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो. बारा व्होल्टचे म्हणवणारे पॅनेल खरे तर १८ व्होल्टच्या आसपास पूर्ण ताकद देते आणि बॅटरी १३ व्होल्टवर असते, त्यामुळे पाव वीज इथेच जाते. धूळ, उष्णता, वायर आणि बॅटरीतील घट मिळून आणखी काही जाते. सरतेशेवटी शंभरातील साठ हाती लागतात असे धरा.

आता गणित सोपे आहे. १४० वॅट-तासांना ३ तास आणि ०.६ यांच्या गुणाकाराने, म्हणजे १.८ ने भागा. उत्तर ७८ वॅट येते. बाजारातील पुढचे सोयीचे माप १०० वॅट, तेच घ्या. १०० वॅटचे पॅनेल पावसाळ्यातील साधारण दिवशी १८० वॅट-तास देईल. १४० वापरले जातील आणि ४० शिल्लक राहतील. ही शिल्लक महत्त्वाची आहे, कारण झडीत रिकामी झालेली बॅटरी त्यातूनच भरून निघते.

संचासोबत बरेचदा ४० वॅटचे पॅनेल येते. तेच गणित त्याला लावून पाहा. मे महिन्यात ४० गुणिले ६ गुणिले ०.६ म्हणजे १४४ वॅट-तास. गरज १४०. कॅमेरा चालतो आणि विक्रेत्याचे म्हणणे खरे वाटते. जुलैत ४० गुणिले ३ गुणिले ०.६ म्हणजे ७२. रोज ६८ वॅट-तासांची तूट. खरेदीच्या वेळी उन्हाळ्यात दाखवलेल्या प्रात्यक्षिकावर म्हणूनच विसंबू नये.

एक चूक हमखास आढळते. घरावरच्या सौर संचातील उरलेले ३३० वॅटचे मोठे पॅनेल पीडब्ल्यूएम कंट्रोलरमार्फत बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडले जाते. ते पॅनेल ३७ व्होल्टच्या आसपास काम करते. साधा कंट्रोलर त्याला १३ व्होल्टवर ओढतो आणि निम्म्याहून जास्त ताकद वाया जाते. काही स्वस्त कंट्रोलर तर एवढे व्होल्टेज सहन न होऊन जळतात. असे पॅनेल वापरायचे असेल तर त्या व्होल्टेजला चालणारा एमपीपीटी कंट्रोलरच घ्या.

विहीर : बॅटरी किती मोठी

बॅटरीने सलग झडीचे दिवस काढून द्यायचे असतात. आपल्या उदाहरणात चार दिवस गच्च आभाळ धरू. दिवसाला एकच तास ऊन मिळाले तर १०० वॅटचे पॅनेल ६० वॅट-तास देईल. उपसा १४० चा, म्हणजे रोज ८० ची तूट. चार दिवसांची ३२०.

बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. लेड-ॲसिड ट्युब्युलर बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरली की तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. म्हणजे ३२० साठी ६४० वॅट-तासांची हवी. बारा व्होल्टने भागले की ५३ येतात, म्हणून ६० एएचची घ्यावी. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते. तिथे ४०० वॅट-तास पुरतात. १२.८ व्होल्टची ३० एएच बॅटरी ३८४ भरते, थोडी कमी पडते. ४० एएच घेतली की काळजी नाही. लिथियमची किंमत जास्त असली तरी ती हलकी असते आणि खांबावर उंच पेटीत बसवता येते. ट्युब्युलर बॅटरी वजनामुळे खालीच ठेवावी लागते आणि खाली ठेवलेली बॅटरी चोरीला जाते. माझा कल त्यामुळे लिथियम फॉस्फेटकडे आहे.

बॅटरी बदलली की कंट्रोलरमधील बॅटरीचा प्रकारही बदला. लेड-ॲसिडची निवड तशीच ठेवून लिथियम जोडली तर चुकीच्या व्होल्टेजवर चार्जिंग होते. जोडणीचा क्रमही पाळा : आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी कॅमेरा. काढताना उलट. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज बसवा. कंट्रोलरवर दिव्यांसाठीचा 'संध्याकाळी सुरू, सकाळी बंद' असा पर्याय असतो. तो चुकून निवडला गेला तर कॅमेरा दिवसभर बंद राहतो. पर्याय चोवीस तासांचा आहे ना, हे पाहून घ्या.

पैसे मर्यादित असतील तर आधी पॅनेल मोठे घ्या, बॅटरी नंतर. ४० वॅटच्या पॅनेलला १०० एएचची बॅटरी लावली तरी जुलैत रोज ६८ ची तूट राहतेच. बंद पडण्याचा दिवस थोडा पुढे जातो एवढेच. शिवाय अर्धवट भरलेल्या अवस्थेत महिनाभर राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी कायमची क्षमता गमावते.

डेटा : कॅमेरा पाठवतो किती

डेटाचा खर्च कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे यावर थेट ठरत नाही. तो ठरतो बिटरेटवर, म्हणजे चित्रण दर सेकंदाला किती माहिती पाठवते यावर. ॲपच्या सेटिंगमध्ये हा आकडा `Bitrate` या नावाने, `Kbps` मध्ये दिसतो. लक्षात ठेवण्याजोगा हिशोब एकच : १००० म्हणजे तासाला ४५० एमबी. चोवीस तास सतत पाठवले तर दिवसाला जवळपास ११ जीबी होतात. रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या रिचार्जमध्ये हे बसणे शक्य नाही.

म्हणून सततचे चित्रण कॅमेऱ्यातील मेमरी कार्डवरच ठेवायचे. त्याला सिमचा डेटा लागत नाही. १२८ जीबीच्या कार्डात या दराने अकरा दिवसांचे चित्रण मावते, नंतर जुने पुसून नवे साठत जाते. सतत लिहिले जाणारे कार्ड लवकर खराब होते, त्यामुळे कॅमेऱ्यासाठीचे टिकाऊ प्रकारचे कार्ड घ्या. चित्रणाचा प्रकार `H.265` निवडा. त्याच दर्जाचे चित्र `H.264` पेक्षा बऱ्याच कमी माहितीत पाठवले जाते.

डेटा मग कुठे जातो? आपल्या बागेचा एका दिवसाचा हिशोब असा. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस मिनिटे स्पष्ट चित्र थेट पाहिले, १५० एमबी. रात्री तासभर कमी दर्जाचे चित्र सुरू ठेवले. ॲपमध्ये याला `Sub Stream` किंवा `SD` म्हणतात, ३०० Kbps धरले तर १३५ एमबी. माणूस दिसल्याच्या चाळीस सूचना, प्रत्येकी दहा सेकंदांचे चित्रण, ५० एमबी. एखादा प्रसंग तपासण्यासाठी कार्डवरचे अर्ध्या तासाचे चित्रण मागवले, २२५ एमबी. कॅमेरा नुसता जोडलेला राहण्यासाठी आणखी थोडे. बेरीज सहाशे एमबीच्या आसपास, म्हणजे रोज एक जीबी पुरेसा.

हा हिशोब बिघडतो तो घरातल्या फोनमुळे. तुम्ही, भाऊ आणि पुण्याला शिकणारा मुलगा असे तिघे एकाच वेळी थेट चित्र पाहत असाल तर बहुतेक कॅमेरे तिघांना स्वतंत्र प्रवाह पाठवतात आणि खर्च तिप्पट होतो. फोनवर ॲप उघडे राहिले आणि झोप लागली तर रात्रभराचा डेटा जातो. हालचालीच्या सूचना 'कोणतीही हालचाल' यावर असतील तर वाऱ्याच्या रात्री पाने हलूनच शेकडो सूचना येतात. त्या 'माणूस' यावर आणा. मात्र सूचनेचे चित्रण फोनवर येणे पूर्ण बंद करू नका. चोराने कॅमेराच काढून नेला तर कार्डही त्याच्यासोबत जाते, हातात राहते ते फोनवर आलेले चित्रण.

सिम घेण्याआधी खांबाच्या जागी, शक्यतो शिडीवर खांबाच्या उंचीला फोन धरून वेग मोजा. आपण सवयीने डाउनलोडचा वेग पाहतो. कॅमेरा पाठवण्याचे काम करतो, त्यामुळे अपलोडचा आकडा पाहा. रात्री आठ ते दहाच्या दरम्यान मोजा, तेव्हा टॉवरवर सर्वांत जास्त गर्दी असते. त्या वेळी २ एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर १००० Kbps चे चित्र न अडखळता येईल. दोन कंपन्यांची सिम तपासून जे चांगले ते घ्या. रेंज कमी असेल तर कॅमेऱ्याला जास्त ताकदीने पाठवावे लागते आणि वीजही जास्त लागते. म्हणून वॅटमीटरची चाचणी घरात न घेता शेतातच घ्या. सिमचा पिन लॉक फोनमध्ये काढून मगच ते कॅमेऱ्यात घाला.

बागेत उभारताना

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, १५ ते २० अंश उतारावर बसवा. डाळिंबाच्या झाडाची उंची आणि पुढच्या वर्षीची वाढ धरून ते सावलीच्या वर राहील असे पाहा. एका कोपऱ्यावर फांदीची किंवा खांबाची सावली पडली तरी पूर्ण पॅनेलची वीज मोठ्या प्रमाणात घटते. सकाळी नऊला आणि दुपारी चारला जागेवर उभे राहून सावली कुठून येते ते पाहा. १०० वॅटचे पॅनेल वारा धरते, म्हणून खांब दोन-तीन फूट खोल काँक्रीटमध्ये रोवा.

पॅनेल ते कंट्रोलर वायर ४ चौरस मिमी आणि शक्य तितकी आखूड ठेवा. कॅमेऱ्याकडे जाणारी दहा मीटरपर्यंतची वायर दीड चौरस मिमीची चालते. टेलिफोनसारखी बारीक वायर वापरू नका.

फवारणीचा मुद्दा सौर संच विकणारे सहसा सांगत नाहीत. तेल्यासाठी बोर्डो मिश्रण फवारले की त्याचा निळसर-पांढरा थर पॅनेलवर आणि कॅमेऱ्याच्या काचेवरही बसतो. वाळला की साध्या पावसाने तो निघत नाही. ब्लोअरने फवारताना तर तो वरपर्यंत जातो. फवारणीपूर्वी दोन्हींवर पिशवी चढवा. विसरलात तर त्याच दिवशी, थर ओला असतानाच भरपूर पाण्याने आणि मऊ कापडाने धुवा. काच घासणीने घासू नका. रात्रीचे चित्र धुक्यासारखे पांढरट दिसायला लागले तर आधी काच तपासा. काचेवरच्या थरावर इन्फ्रारेड उजेड परतून तसे दिसते.

कॅमेरा कधी बंद पडतो, त्यावरून कारण ओळखा

कॅमेरा बंद पडला की कार्डवरच्या नोंदी किंवा ॲपमधील सूचनांवरून वेळ लिहून ठेवा. चार-पाच दिवसांच्या वेळा एका कागदावर आल्या की कारण बरेचदा तिथेच दिसते.

पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान बंद पडून सकाळी नऊ-दहाला आपोआप सुरू होत असेल तर बॅटरी रिकामी होते आहे. आकाश स्वच्छ असतानाही असे होत असेल तर पॅनेलवर थर, सावली किंवा सैल जोडणी शोधा. पॅनेल ठीक असेल तर बॅटरीच थकली आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास, इन्फ्रारेड दिवे लागताक्षणी कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर भार वाढताच व्होल्टेज कोसळते आहे. वायर बारीक आहे, जोडणी गंजली आहे किंवा बॅटरी जुनी आहे. दिवे लागलेले असताना कॅमेऱ्याच्या टोकाशी मल्टिमीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर दोष वायरीत किंवा जोडणीत आहे.

कॅमेरा जोडलेला दिसतो, पण चित्र पुढे सरकत नाही आणि मध्यरात्री बारानंतर सगळे सुरळीत होते, तर दिवसाची डेटा मर्यादा संपलेली आहे. मर्यादेनंतर वेग इतका कमी होतो की कमी दर्जाचे चित्रही येत नाही. रात्री आठ ते दहा अडखळून नंतर ठीक होत असेल तर टॉवरवरील गर्दी आहे, बिटरेट ५०० पर्यंत उतरवून पाहा. आणि गावची वीज बराच वेळ गेली की कॅमेरा तुटत असेल, पण खांबावर त्याचे दिवे चालू असतील, तर तुमचा संच ठीक आहे, टॉवरचा बॅकअप संपलेला आहे. अशा वेळी कार्डवरचे चित्रण सुरूच असते, टॉवर परत आला की ते पाहता येते.

आपल्या उदाहरणात ४० वॅटचा आणि २० एएचचा तयार संच घेतला असता तर बॅटरीतून वापरण्याजोगे सुमारे १९० वॅट-तास मिळाले असते. गच्च आभाळाच्या दिवशी ते पॅनेल २४ देते, तूट ११६ ची. म्हणजे झड लागल्यावर दुसऱ्याच रात्री, पहाट होण्याआधी कॅमेरा बंद. असा संच आधीच घेतला असेल तर तो टाकून देऊ नका. कंट्रोलरची क्षमता पाहून त्याच्याच व्होल्टेजचे ६० वॅटचे दुसरे पॅनेल समांतर जोडा, पांढरे दिवे बंद करा आणि वॅटमीटर पुन्हा एकदा चोवीस तास लावा. हे काम जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. त्यानंतर खांबावर चढायला कोरडा दिवस मिळेलच असे नाही.